चाळीस ग्रॅमची ओळ

श्रोतेहो, नमस्कार.

मी सेंद्रिय रसायनशास्त्राचा माणूस. पीएच.डी. केली, दोन वर्षं बाहेर पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं संशोधन, केलं आणि आता बरीच वर्षं औषध कंपनीच्या प्रोसेस डेव्हलपमेंट विभागात आहे. प्रयोगशाळेत एखादं द्रव्य दोन-चार ग्रॅम तयार झालं, की तेच शेकडो किलोंनी, दर बॅचला सारखंच आणि परवडेल अशा खर्चात कसं बनवायचं, हे ठरवणं आमचं काम. जागा निघाली की अर्जांचा गठ्ठा माझ्या टेबलावर येतो. त्यात थिसिस नुकताच दिलेली मुलं असतात, दुसरा पोस्टडॉक संपत आलेली असतात. हुशारीत कुणी कमी नसतं. तरीही बरेचसे अर्ज बाजूला पडतात, आणि का पडले हे त्या मुलांना कुणी सांगत नाही. आज तेवढंच सांगायचं आहे.

रेझ्युमे आधी एचआरकडे जातो. तिथली व्यक्ती बहुधा रसायनशास्त्राची नसते. तिच्यासमोर जाहिरात असते. त्यात लिहिलेलं असतं : स्केल-अप, क्रिस्टलायझेशन, शुद्धता मोजायचं एचपीएलसी, इम्प्युरिटी. आणि रेझ्युमेत पहिल्या पानावर असतं थिसिसचं लांबलचक शीर्षक, मग गाईडचं नाव, मग शोधनिबंधांची यादी. जाहिरातीतला एकही शब्द सापडला नाही, तर त्या व्यक्तीने कशाच्या आधारावर तो पुढे पाठवायचा? ते काम तुम्ही केलेलं असेलही, पण तिला ते दिसायला हवं.

माझ्यापर्यंत आलेला रेझ्युमे मी एकाच प्रश्नासाठी वाचतो : या माणसाला पहिल्या सहा महिन्यांत मला काय काय शिकवावं लागेल? शोधनिबंध मी बघतो, पण मोजत नाही. अवघड रेणूवर चार वर्षं टिकून राहिला, एवढं त्यावरून कळतं. बॅच बिघडल्यावर तो काय करेल, हे मात्र कळत नाही.

एका मुलीचं उदाहरण देतो. तिने पीएच.डी.त एका नैसर्गिक द्रव्याचं पूर्ण संश्लेषण केलं होतं, २२ पायऱ्यांचं. चार पानी रेझ्युमे, त्यातली दोन पानं निबंध आणि परिषदा. संश्लेषणाबद्दल एकच वाक्य, 'बावीस टप्प्यांत यशस्वीरीत्या पूर्ण केले'. मी तो बाजूला ठेवणार होतो. पण २२ पायऱ्यांच्या शेवटी मोजण्याजोगं काही हाती लागायचं असेल, तर सुरुवातीची द्रव्यं भरपूर बनवावी लागतात. प्रत्येक पायरीला थोडं थोडं वाया जातंच. म्हणून फोन करून विचारलं, ''चौथ्या-पाचव्या पायरीचं द्रव्य एका वेळी किती बनवत होतीस?''

''सर, ४० ग्रॅम.''

''आणि कॉलम?''

''कॉलम नाही लावला. क्रिस्टलाइझ केलं.''

श्रोत्यांपैकी ज्यांचा या विषयाशी संबंध नाही, त्यांच्यासाठी थोडं थांबतो. कॉलम म्हणजे सिलिकाची पूड भरलेली काचेची नळी. वरून अशुद्ध द्रव्य ओतायचं, सॉल्व्हंट सोडत राहायचं, शुद्ध भाग वेगळा गोळा करायचा. संशोधनात ही रोजची गोष्ट. पण द्रव्याच्या साधारण ५० पट सिलिका धरली, तर ४० ग्रॅमला २ किलो सिलिका लागते आणि ५ किलोला २५० किलो, शिवाय पिंपंच्या पिंपं सॉल्व्हंट. म्हणून प्लांटमध्ये कॉलम शक्यतो टाळतात आणि स्फटिक पाडून शुद्धीकरण करतात. सॉल्व्हंट कोणता, किती गरम, किती सावकाश थंड करायचं, बी म्हणून थोडे स्फटिक कधी टाकायचे, यात आमचा निम्मा दिवस जातो.

म्हणजे ही मुलगी आमचंच काम करत होती, फक्त त्याला ते नाव आहे हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या गाईडच्या दृष्टीने ती थिसिसमधली एक तळटीप होती. मी तिला रेझ्युमे पुन्हा पाठवायला सांगितला. नव्यात पहिल्याच पानावर ही ओळ आली : 'पाचव्या पायरीत कॉलमऐवजी इथाइल ॲसिटेट-हेक्झेनमधून क्रिस्टलायझेशन बसवले, ४० ग्रॅमच्या तीन बॅच, उतारा ७१ ते ७४ टक्के, एचपीएलसी शुद्धता ९८ टक्क्यांच्या वर.' ही ओळ वाचणाऱ्याला प्रमाण कळतं, अडचण कळते, तिने काय ठरवलं ते कळतं, आणि तीन वेळा तेच आलं हेही कळतं. आमच्या धंद्यात 'तीन वेळा तेच आलं' याला फार किंमत आहे. उतारा म्हणजे अपेक्षित मालापैकी हाती किती आला ते. निबंधात सर्वांत चांगला उतारा छापतात, आम्हाला नेहमीचा हवा असतो.

अशी ओळ लिहिली की तिच्यावर प्रश्न येणार, हेही धरून चाला. मुलाखतीत मी तिला विचारलं, ''हेक्झेनच का?'' तिने सरळ सांगितलं, ''लॅबमध्ये तेच होतं.'' औषधात हेक्झेन २९० पीपीएमपेक्षा जास्त राहून चालत नाही, कारण ते मज्जातंतूंना अपायकारक आहे. त्याचाच भाऊबंद हेप्टेन मात्र ५,००० पीपीएमपर्यंत चालतो. हे तिला माहीत नव्हतं. ते शिकवायला अर्धा तास पुरतो, म्हणून त्याचे गुण मी कापले नाहीत.

गुण कापावे लागतात ते वेगळ्याच ठिकाणी. जाहिरात बघून कुणी 'स्केल-अपचा अनुभव' असं लिहून टाकतो. मी विचारतो, ''रिएजंट किती वेळात सोडलात?'' लहान फ्लास्कमध्ये प्रक्रिया तापली तरी उष्णता काचेतून लगेच निघून जाते. भांडं हजारपट मोठं केलं, तर आतला माल हजारपट होतो, पण बाहेरचा पृष्ठभाग शंभरपटच वाढतो. उष्णता अडकते. म्हणून फ्लास्कमध्ये पाच मिनिटांत ओतलेली गोष्ट मोठ्या रिॲक्टरमध्ये काही तास थेंबाथेंबाने सोडावी लागते. ज्याने हे केलेलं असतं, तो लगेच तापमानाबद्दल बोलायला लागतो. ज्याने केलेलं नसतं, तो उताऱ्याबद्दल बोलत राहतो. मग बाकीच्या खऱ्या ओळींवरही शंका येते, आणि याचं मला वाईट वाटतं, कारण त्या ओळी बहुधा खऱ्या असतात.

पोस्टडॉक झालेल्यांची अडचण निराळी आहे. तिथे कामाइतकाच प्रश्न असतो पायरीचा. एम.एस्सी. करून सहा-सात वर्षं कंपनीत घालवलेला माणूस प्लांट ओळखतो. त्याच्या वर नवा आलेला डॉक्टर बसवायचा की शेजारी? पोस्टडॉकची वर्षं अनुभव म्हणून किती धरायची, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. म्हणून अर्ज करण्याआधी जाहिरातीतलं पद आणि मागितलेली वर्षं नीट वाचा आणि कोणत्या पायरीवर यायला तयार आहात ते स्वतःशी ठरवून ठेवा. दोन पोस्टडॉकनंतर एकही ओळ न बदलता सगळ्यात खालच्या पदाला अर्ज आला, की आम्हाला वाटतं हा माणूस वर्षभरात जाईल. कदाचित तो जाणारही नसतो. पुण्यात घर आहे, आईवडील थकले आहेत, असं साधं कारण असतं. ते अर्जासोबतच्या पत्रात दोन वाक्यांत लिहिलं, तरी आमची शंका फिटते.

त्या मुलीच्या मुलाखतीनंतर आम्ही तिघांनी आपापले कागद भरले. 'रिॲक्टर पाहिलेला नाही' असं तिघांनीही लिहिलं होतं. तिनेच ते आधी सांगितलं होतं. खाली शिफारशीच्या रकान्यात माझ्या वरिष्ठांनी लिहिलं : 'घ्यावे. पहिला महिना प्लांटवर, शिफ्टमध्ये.'