लाल टोपीखाली काय दडलंय?

[पाइनचं बन, धुकं. कॅमेरा जमिनीलगत.]

निलगिरीच्या डोंगरांतलं हे पाइनचं बन मुळातलं इथलं नाही. ही झाडं मेक्सिकोची, माणसांनी आणून लावलेली. त्यांच्या मुळांशी देवाणघेवाण करून जगणारी एक बुरशीही आता इथे चांगली रुजली आहे. बुरशी झाडाला मातीतलं पाणी आणि क्षार पुरवते, झाड तिला साखर देतं. एरवी ती जमिनीखालीच असते. पाऊस झाला की वर येते ती अशी.

[टाइमलॅप्स: अळंबी उमलते.]

सुरुवातीला नुसतं पांढरं अंडं. मग आतली लाल टोपी फुगू लागते आणि वरचं पांढरं आवरण ताणून ताणून फाटतं. त्याचेच तुकडे टोपीवर चिकटून राहतात. ते पांढरे ठिपके म्हणजे टोपीचा रंग नव्हे, वरून चिकटलेल्या खपल्या आहेत.

[बोट खपली अलगद उचलतं. नंतर पावसाचा थेंब एक खपली वाहून नेतो.]

एका जोरदार सरीत त्या धुऊन जातात. उरते गुळगुळीत, कधी फिकट नारिंगी पडलेली टोपी. चित्रातल्यासारखे ठिपके नाहीत म्हणून ‘ही ती नव्हेच’ असं समजणारा माणूस इथेच फसतो.

हिचं नाव फ्लाय अगॅरिक. शास्त्रीय नाव अमानिता मस्कारिया. इंटरनेटवर हिचा फोटो सर्रास ‘मॅजिक मशरूम’ म्हणून फिरतो. ही चूक जिवावर बेतू शकते. खऱ्या मॅजिक मशरूम म्हणजे सिलोसायबिन हे भास घडवणारं द्रव्य असलेल्या अळंब्या. त्या वेगळ्या, त्यांचं रसायन वेगळं. फ्लाय अगॅरिकमध्ये सिलोसायबिन अजिबात नसतं.

[अ‍ॅनिमेशन: मेंदूतल्या पेशी.]

सिलोसायबिन पोटात गेलं की शरीर त्यातला फॉस्फेटचा तुकडा काढून टाकतं आणि सिलोसिन तयार होतं. त्याची घडण सेरोटोनिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाशी मिळतीजुळती असते, म्हणून पेशींवरच्या सेरोटोनिनच्या जागांवर ते जाऊन बसतं. दिसणं, ऐकणं, काळाचं भान, सगळं बदलतं. माणूस घाबरतो, कधी चांगलाच सैरभैर होतो, त्यामुळे हा प्रकार निर्धोक नाही. पण सहसा तो जागा असतो, बोलता येतं, आणि काय झालं ते बहुतेक वेळा नंतर आठवतं.

फ्लाय अगॅरिक सेरोटोनिनच्या वाटेला जातच नाही. तिच्यात दोन द्रव्यं असतात, आयबोटेनिक आम्ल आणि मस्सिमॉल.

[टोपी चिरली जाते. लाल सालीखालचा पिवळसर थर जवळून.]

सालीखालचा हा पिवळसर थर बघा. ही द्रव्यं इथे जास्त साठलेली असतात. आयबोटेनिक आम्ल ग्लुटामेटची नक्कल करतं. ग्लुटामेट पेशींना चेतवतं. मस्सिमॉल गाबाची नक्कल करतं, आणि गाबा पेशींना शांत करतं. म्हणजे एकच अळंबी मेंदूला एकाच वेळी चाबूकही मारते आणि लगामही खेचते.

[सुकत घातलेले काप. वाफ.]

यात आणखी एक गुंता आहे. अळंबी सुकवली की आयबोटेनिक आम्लाच्या रेणूतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे मस्सिमॉल उरतं. हा बदल थोडाफार पोटात गेल्यावरही होतो. त्यामुळे ताज्या आणि सुक्या अळंबीत दोन्हींचं प्रमाण निराळं. एका टोपीत किती आणि शेजारच्या टोपीत किती, हेही सारखं नसतं. बघून, वजन करून किंवा चव घेऊन ते कळत नाही. ‘अमुक इतकी खाल्ली तर चालते’ असं सांगणारा माणूस अंदाजाने बोलत असतो.

खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून दोन तासांत त्रास सुरू होतो. मळमळ, झोकांड्या, जीभ जड. मग भ्रम. माणूस बरळतो, हातपाय झाडतो, आरडाओरडा करतो, आणि मधेच इतका गाढ झोपतो की हलवूनही उठत नाही. थोड्या वेळाने पुन्हा खवळतो. स्नायू फडफडतात, लहान मुलांना झटके येतात. शुद्धीवर आल्यावर मधल्या तासांचं बहुधा काहीच आठवत नाही. डॉक्टर याला डेलिरियम म्हणतात.

[जुनं वॉशिंग्टन: कृष्णधवल छायाचित्रं, बाजार, घोडागाड्या.]

नोव्हेंबर 1897. वॉशिंग्टनमध्ये राहणारे इटलीचे राजनैतिक अधिकारी काउंट दे वेक्की अळंब्यांचे जाणकार मानले जात. त्यांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी न्याहारीला भरपूर अळंब्या खाल्ल्या. खाण्याजोगी जात समजूनच. युरोपात आवडीने खाल्ली जाणारी नारिंगी-लाल सीझर अळंबी वरून अशीच दिसते.

[दोन अळंब्या शेजारी शेजारी, उलट्या केलेल्या.]

फरक कळतो तो उलटी करून पाहिल्यावर. सीझरच्या टोपीखालचे पापुद्रे आणि देठ पिवळे, बुडाशी पांढरी सैल पिशवी. फ्लाय अगॅरिकचे पापुद्रे आणि देठ पांढरे, बूड कांद्यासारखं फुगलेलं, त्यावर खपल्यांची वलयं. देठ वरच्यावर मोडून घेतला की ही खूण जमिनीतच राहते.

काउंटना काही मिनिटांतच त्रास सुरू झाला. शुद्ध हरपली, झटके इतके जोराचे की पलंग मोडला. दुसऱ्या दिवशी ते गेले. डॉक्टरही बेशुद्ध पडले होते, ते वाचले.

दोघांनाही ॲट्रोपिन दिलं गेलं होतं. कारण 1869 मध्ये याच अळंबीतून मस्करीन नावाचं विष वेगळं काढलं होतं आणि सगळा दोष त्याच्या माथी आला. मस्करीनने घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, मंद नाडी असा त्रास होतो आणि त्यावर ॲट्रोपिन खरोखर उतारा आहे. पण फ्लाय अगॅरिकमध्ये मस्करीन अगदी नावापुरतं, किलोभर ताज्या अळंबीत काही मिलिग्रॅम. खरे गुन्हेगार 1960च्या दशकात हाती लागले. ॲट्रोपिनने स्वतःच भ्रम होतो. म्हणजे बरळणाऱ्या रोग्याला आणखी बरळायला लावणारं औषध वर्षानुवर्षं दिलं जात होतं. आता उपचार लक्षणांप्रमाणे होतात. श्वास मोकळा ठेवायचा, झटके आले तर ते थांबवायचे, जपून शांत करायचं आणि लक्ष ठेवायचं. ॲट्रोपिन फक्त घाम-लाळ खरंच वाहत असेल तर.

[अळंबीवर फिरणारी गोगलगाय.]

आजकाल असे बहुतेक रोगी एक-दोन दिवसांत बरे होतात, मृत्यू विरळा. 2024 मध्ये अमेरिकेत ‘मशरूम’ चॉकलेट आणि गोळ्या खाऊन शंभराहून जास्त लोक आजारी पडले. त्यांतल्या काही मालात मस्सिमॉल सापडलं.

[कुजलेलं लाकूड. लहान तपकिरी अळंब्यांचा पुंजका.]

आणि या तपकिरी, अगदी साध्या दिसणाऱ्या. गॅलेरिना. थंड प्रदेशांत सिलोसायबिनच्या शोधात निघालेले लोक नेमक्या याच गोळा करून आणतात. हिच्यात अमॅटॉक्सिन हे विष असतं, डेथ कॅप या जीवघेण्या अळंबीत असतं तेच. पहिले सहा-बारा तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब, मग जरा बरं वाटतं, आणि तोवर यकृताच्या पेशींचं प्रथिनं बनवण्याचं काम बंद पडलेलं असतं.

म्हणून दवाखान्यात पहिला प्रश्न येतो तो वेळेचा: खाल्लं कधी आणि त्रास सुरू झाला कधी? सहा तासांनंतर सुरू झाला, तर यकृताची तपासणी तातडीने. लवकर सुरू झाला तरी धोका टळला असं नाही, कारण एकाच पिशवीत दोन जाती असू शकतात.

[कागदी पिशवी. बुडासकट उपटलेली अळंबी आत जाते.]

सोबत न्यायची ती उरलेली अळंबी, बुडासकट, कागदात गुंडाळून. प्लॅस्टिकमध्ये ती सडते आणि ओळखता येत नाही. शिजवलेली उरली असेल तर तीही. उलटी झाली असेल तर तीसुद्धा डबीत. आणि तीच भाजी ज्यांनी खाल्ली त्या सगळ्यांना, त्रास नसला तरी, बरोबर घेऊन.