रुपयातले 24 पैसे कुठे राहिले?

ट्रस्टच्या वार्षिक अहवालात शेवटच्या पानांवर दोन गोल असतात बघा. एकावर लिहिलेलं असतं 'रुपया कुठून आला' आणि दुसऱ्यावर 'रुपया कुठे गेला'. आपण देणगी देतो, अहवाल घरी येतो किंवा व्हॉट्सॅपवर पीडीएफ येते, आपण फोटो बघतो, गोलावर नजर टाकतो आणि बंद करतो. आज तो गोल आपण नीट उघडून बघणार आहोत.

उदाहरणासाठी एक ट्रस्ट घेऊ, डोंगरातल्या गावांमध्ये फिरता दवाखाना चालवणारा. ट्रस्ट आणि आकडे आपणच ठरवलेत, पण हिशोब अगदी खऱ्यासारखा चालतो. वर्षभरात बँकेत आले बरोबर 1 कोटी, म्हणजे रुपयातला प्रत्येक पैसा म्हणजे 1 लाख, डोक्याला त्रास नाही.

आता आलेला रुपया. लोकांच्या देणग्या 30 पैसे. एका कंपनीचा सीएसआर निधी, म्हणजे कंपनीने सामाजिक कामासाठी दिलेले पैसे, ते 46. कॉर्पसची देणगी, म्हणजे मुद्दल तशीच ठेवा आणि फक्त व्याज वापरा असं देणाऱ्याने लिहून दिलेले पैसे, ते 10. जुन्या एफडीचं व्याज 9, आणि पेशंटकडून नावनोंदणीची जी थोडीशी फी घेतात ती 5. झाला रुपया पूर्ण.

गेलेला रुपया. नवीन गाडी घेतली, आत तपासणीचा टेबल, औषधांची कपाटं, छोटा फ्रीज, सगळं बसवून 18 पैसे. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, ड्रायव्हर आणि को-ऑर्डिनेटर यांचे पगार 27. औषधं 15. डिझेल आणि गाडीची दुरुस्ती 8, घाटातले रस्ते आहेत त्यामुळे टायर आणि क्लच लवकर जातात. ऑफिसचं भाडं, अकाउंटंट, ऑडिट, फोन मिळून 6. देणग्या गोळा करायचा खर्च 2. बेरीज करा, 76 येते.

मग 24 पैसे राहिले की! इथेच लोक चिडतात, आणि चिडणं साहजिक आहे, गावात औषधं कमी पडतात म्हणून आमच्याकडे मागायला येता आणि बँकेत 24 लाख ठेवता? म्हणून ह्या 24 जवळ जरा थांबू.

त्यातले 10 तर कॉर्पसचे, ते खर्चायचेच नाहीत, एफडीत जाणार आणि पुढे दरवर्षी त्याचं व्याज येणार. उरले 14. कंपनीने जे 46 दिले ते नुसते 'घ्या आणि काम करा' असे नव्हते, करारात लिहिलंय की 18 गाडीला आणि 28 दोन वर्षं ती चालवायला, वर्षाला 14. पैसे एकदम आले, काम दोन वर्षांचं, म्हणून दुसऱ्या वर्षाचे 14 बँकेत आहेत. ट्रस्टच्या विश्वस्तांना वाटलं तरी त्यातून ऑफिसची गळती दुरुस्त करता येत नाही. म्हणजे 24 दिसतात खरे पण मोकळा त्यातला एकही पैसा नाही, आणि हे वाक्य गोलाच्या खाली छापलेलं असायला हवं, ते बहुतेक वेळा नसतं, मला हा सगळ्यात मोठा दोष वाटतो.

आता ह्याच ट्रस्टचा ऑडिट झालेला हिशोब बघू. महाराष्ट्रातले सार्वजनिक न्यास धर्मादाय आयुक्तांकडे जो हिशोब देतात, त्यात परिशिष्ट 8 म्हणजे ताळेबंद आणि परिशिष्ट 9 म्हणजे उत्पन्न-खर्चाचं पत्रक. तिथे गेलात तर धक्का बसेल, उत्पन्न 1 कोटी नाहीच, 58 लाख! 42 लाख गेले कुठे? कुठे गेले नाहीत, ताळेबंदात बसलेत. कॉर्पसचे 10 थेट तिकडे, गाडीचे 18 तिकडे, पुढच्या वर्षाचे 14 पण तिकडे, 'विशिष्ट हेतूसाठी निधी' असं काहीतरी लिहिलेलं असतं. उत्पन्नात दिसतात ते देणगी 30, व्याज 9, फी 5 आणि सीएसआरमधले यंदा वापरलेले 14. आणि गाडी वजा केली तर खर्चही 58 च आहे, जुळतं.

एक गोष्ट मात्र परिशिष्ट 9 मध्ये जास्तीची असते, घसारा. गाडी 18 लाखांची, 15 टक्क्यांनी धरला तर 2 लाख 70 हजार. हे पैसे कोणी बँकेतून काढलेले नाहीत, गाडी जुनी होत चाललीय त्याची ती नोंद. त्यामुळे पत्रकात तेवढीच तूट दिसू शकते. काही सीए गाडीच्या निधीतून तेवढी रक्कम दरवर्षी उत्पन्नात आणतात, मग तूट दिसत नाही. कुठली पद्धत वापरलीय ते टिपणांमध्ये लिहिलेलं असतं, हिशोबाच्या शेवटी बारीक अक्षरात, तेच आधी वाचायचं.

दुसरी जागा जिथे गोल फसवू शकतो ती म्हणजे पगार. आपल्या ट्रस्टचे 27 पैसे पगाराचे, त्यात डॉक्टर-नर्स मंडळी 24 आणि को-ऑर्डिनेटर 3. आता एखाद्या अकाउंटंटने सगळेच पगार 'आस्थापना खर्च' मध्ये टाकले की लोकांना दिसतं ऑफिसवर 33 पैसे उडवले! डॉक्टरचा पगार हा ऑफिस खर्च कसा असेल, तोच तर दवाखाना आहे. परदेशी निधीच्या कायद्यात प्रशासनावर 20 टक्क्यांची मर्यादा आहे, तिथेही हॉस्पिटलच्या डॉक्टरांचा किंवा शाळेच्या शिक्षकांचा पगार प्रशासनात धरत नाहीत. को-ऑर्डिनेटरचं मात्र खरंच विचारावं, तो चार दिवस गावात आणि दोन दिवस ऑफिसात असेल तर 3 मधले 2 कामाला आणि 1 ऑफिसला, पण त्यासाठी त्याची रोजची नोंदवही पाहिजे, अंदाजाने नाही. आणि गेल्या वर्षी वेगळी वाटणी, यंदा वेगळी, असं असेल तर कारण विचारा.

औषधं दान म्हणून आली तर अजून एक गंमत होते. समजा एका कंपनीने 20 लाख एमआरपीची औषधं दिली, तर ती जमेतही 20 आणि खर्चातही 20. ऑफिसचे 6 तेवढेच, पण आधी खर्चाच्या जवळपास 8 टक्के होते ते आता साधारण 6 टक्के दिसतात. काम चांगलं झालं म्हणून नाही, छापील किंमत लावली म्हणून. औषधं कुठल्या भावाने धरली आणि एक्सपायरी किती दिवसांवर होती, हे दोन प्रश्न विचारले की खरं कळतं.

इन्कम टॅक्सचा पण एक नियम इथे येतो. सवलत हवी तर वर्षाच्या उत्पन्नातले 85 टक्के त्याच वर्षी कामावर खर्च व्हायला हवेत, कॉर्पस त्यात धरत नाहीत. कंपनीचा निधी पूर्ण उत्पन्नात धरला तर 90 लाखांचे 85 टक्के म्हणजे 76 लाख 50 हजार, आणि खर्च झालाय 76, पन्नास हजार कमी! मग ट्रस्टला वेगळा फॉर्म भरून ते कशासाठी ठेवलेत हे सांगावं लागतं, जास्तीत जास्त 5 वर्षांसाठी. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात काही संस्था घाईघाईत खरेदी करताना दिसतात त्याचं एक कारण हे, आणि त्यापेक्षा फॉर्म वेळेत भरलेला कधीही बरा.

पुढच्या वर्षीचा अहवाल आला की हाच गोल उलटा दिसेल. नवा निधी आला नाही असं धरू, मग देणगी, व्याज, फी मिळून 44 आणि खर्च 58. जमा कमी, खर्च जास्त, घाबरू नका, ते मधले 14 म्हणजे ह्या वर्षी बँकेत ठेवलेलेच. पण आधी सुरुवातीची शिल्लक बघा, त्यात ते 14 'फिरता दवाखाना निधी' म्हणून दिसले पाहिजेत. नसतील दिसत, तर अहवालावर ट्रस्टच्या ऑफिसचा नंबर असतो, सरळ फोन लावा.