ऐरणीच्या आकाराचा ढग: एका छायाचित्राचं वाचन

(पडद्यावर: दुपारनंतरचं आकाश, क्षितिजावर एकच प्रचंड ढग.)

या ढगाचा पाया सपाट आणि काळपट आहे. मधला भाग फुलकोबीसारखा फुगलेला आहे. माथा मात्र एकदम पसरट होऊन उजवीकडे लांबवर ओढला गेलाय. आकार पाहून नाव सुचतंच, पण खात्री करायची असेल तर आधी कडा पाहा.

(मधला भाग जवळून.)

इथे कडा कोरीव, स्पष्ट आहेत. हे पाण्याचे थेंब आहेत. आता माथ्याकडे या. तिथे कडा धूसर आहेत, तंतूंसारख्या विरत गेलेल्या. ते बर्फाचे स्फटिक आहेत. कोरड्या हवेत थेंब पटकन सुकतात, म्हणून त्यांची कड रेखीव राहते. बर्फ हळूहळू नाहीसा होतो आणि वाऱ्यासोबत पसरत जातो. फुगलेल्या मनोऱ्याचा माथा असा तंतुमय झाला की तो क्युम्युलोनिम्बस, म्हणजे गडगडाटी वादळाचा ढग. माथ्यापर्यंत कडा कोरीव असतील तर तो अजून वाढता क्युम्युलस, म्हणजे फुगीर ढग. जोरदार सर देईल, आणि अर्ध्या तासात त्याचंही वादळ होऊ शकतं. उंचीपेक्षा रुंदी जास्त असलेले छोटे क्युम्युलस मात्र कोरड्या दिवसाची खूण.

इथे फोटो फसवतो. उजेड जास्त पडून ढगाचा पांढरा भाग जळाला, तर कोरीव कडही धूसर दिसते. म्हणून फोनच्या स्क्रीनवर ढगाच्या सर्वांत उजळ भागावर बोट ठेवून उजेड कमी करा आणि मगच फोटो घ्या.

(ऐरणीचा सपाट माथा.)

माथा सपाट का? वर चढणारी हवा अशा थरापाशी पोहोचते, जिथे उंचीनुसार तापमान घटणं थांबतं. उष्ण कटिबंधात हा थर साधारण 16 ते 18 किलोमीटरवर असतो, मध्यम अक्षांशांत 10 ते 12 वर. तिथे हवा आजूबाजूपेक्षा हलकी राहत नाही आणि आडवी पसरते. सपाटीच्या वर एखादा घुमट डोकावत असेल, तर खालून येणारा झोत त्या थरातही घुसतोय. लागोपाठच्या फोटोंत तो दहा मिनिटांहून अधिक टिकून राहिला, तर वादळ फार जोरदार आहे.

ऐरणीचं लांब टोक वरच्या वाऱ्याची दिशा दाखवतं. ढग बहुधा त्याच बाजूला सरकतो, पण नेहमी नाही; खालच्या थरातले वारे वेगळे असू शकतात. त्यामुळे एका फोटोवर विसंबू नका. खांब किंवा छताची कड चौकटीत ठेवून दहा मिनिटांनी दुसरा फोटो घ्या.

(पायाखालचे करडे पट्टे.)

पायाखाली करडे पट्टे जमिनीला टेकलेत; तिथे पाऊस पडतोय. ते अधांतरीच विरले असते, तर पाऊस वाटेतच सुकतोय. पण ही दिलासा देणारी गोष्ट नाही. सुकताना हवा थंड, जड होते आणि वेगाने खाली कोसळते, त्यामुळे पावसाविना सोसाट्याचा वारा येऊ शकतो.

आता अंतर. फोटो घेताना हात लांब करून क्षितिजापासून माथ्यापर्यंत मुठी मोजा. एक मूठ म्हणजे सुमारे दहा अंश. झूम केलेल्या फोटोवरून हे नंतर कळत नाही, म्हणून तिथेच लिहून ठेवा. समजा, अडीच मुठी भरल्या. माथा 12 ते 16 किलोमीटर उंच धरला तर ढग अंदाजे 25 ते 35 किलोमीटरवर आहे. ताशी 40 किलोमीटरने तो आपल्याकडे आला, तर पाऊणएक तासात पोहोचेल. वारा त्याआधी येतो, आणि वीजही. ती पावसाच्या पट्ट्यापासून दहा किलोमीटरहून अधिक दूर पडू शकते. मेघगर्जना ऐकू आली की पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं, आणि शेवटच्या गर्जनेनंतर 30 मिनिटं आतच थांबायचं.

(दुसरं छायाचित्र: आकाशभर पातळ पांढुरका पडदा.)

या फोटोत फक्त पडदा आहे, मनोरा नाही. सूर्याभोवती कडं दिसत असेल तर हा सिरोस्ट्रेटस, म्हणजे उंचावरचा पातळ थरासारखा ढग असू शकतो. तो दाट होत खाली उतरू लागला, तर पुढच्या दिवसाभरात सलग पावसाची शक्यता. पण दूरच्या वादळाची ऐरण डोक्यावर पसरली तरी अगदी असंच दिसतं. मग पडद्याची कड शोधा. एका बाजूला तो जाड, काळा होत जात असेल, तर कॅमेरा त्या दिशेला वळवा. वादळाचा मनोरा तिकडेच असतो.