सहा महिन्यांत शंभराचा एक

5 जून 2008. लंडनच्या बाल्टिक एक्स्चेंज या जहाजभाड्यांच्या बाजारात नोंद झाली, केपसाइझ जहाजाचं एका दिवसाचं भाडं सुमारे 2 लाख 33 हजार डॉलर. डिसेंबरच्या सुरुवातीला तेच भाडं उरलं होतं 2,300 डॉलरच्या आसपास. जहाजं तीच, मार्ग तेच, आणि चीनमध्ये पोलादही बनतच होतं.

केपसाइझ म्हणजे साधारण पावणेदोन ते दोन लाख टन वाहणारं जहाज. त्याच्या पोटात कंटेनर नसतात. मोठमोठ्या खणांत सुटं लोहखनिज किंवा कोळसा ओतलेला असतो. एवढा माल एकाच वेळी लागणारी बंदरं आणि कारखाने थोडेच, म्हणून या बाजारात गिऱ्हाइकंही मोजकी.

ब्राझीलच्या तुबाराव बंदरातून चीनच्या चिंगदावपर्यंत सुमारे 11,000 सागरी मैल. ताशी 13 सागरी मैलांनी एकीकडचे 35 दिवस. परत येताना जहाज रिकामं, पण दिवस तेवढेच. भरणं आणि उतरवणं धरून एक फेरी जवळपास 80 दिवसांची. ऑस्ट्रेलियाच्या पोर्ट हेडलंडपासून चीन मात्र सुमारे 3,500 मैलांवर, फेरी महिन्याभरात पुरी होते. म्हणजे तेवढंच खनिज ऑस्ट्रेलियाऐवजी ब्राझीलहून मागवलं की अडीचपट जहाजं लागतात. म्हणून मालाचे नुसते टन मोजून भागत नाही. टन किती मैल जातो, हे पाहावं लागतं.

आता यात बंदरावरची रांग घाला. 2007 च्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यूकॅसल बंदराबाहेर कोळशासाठी सत्तरहून जास्त जहाजं नांगर टाकून उभी होती. महिन्याभराच्या फेरीत आणखी दहा दिवस रांगेचे वाढले, तर जहाजाची वर्षाची माल वाहण्याची क्षमता चौथ्या हिश्शाने घटते. एकही जहाज न बुडता बाजारातली जहाजं कमी होतात.

आणि नवं जहाज लगेच मिळत नाही. मागणी नोंदवल्यापासून ते पाण्यात उतरेपर्यंत दोन-तीन वर्षं जातात. तोवर मालक एवढंच करू शकतो, की वेग थोडा वाढवायचा. तिथेही मर्यादा आहे, कारण वेग वाढला की इंधनाचा खर्च त्याहून कितीतरी झपाट्याने चढतो.

समजा, पाच खेपा आहेत आणि जहाजं चार. कारखान्याची झोतभट्टी मनात आलं तेव्हा विझवता येत नाही, त्यामुळे खनिज वेळेवर हवंच. पाचही जण बोली वाढवत जातात, आणि पाचव्याने हात टेकेपर्यंत भाव थांबत नाही. तोच भाव मग चौघांनाही मोजावा लागतो. 2008 मध्ये ब्राझील ते चीन भाडं टनाला 100 डॉलरच्या वर गेलं, ब्राझीलच्या बंदरातल्या खनिजाच्या किमतीपेक्षाही जास्त.

उलट, खेपा चार आणि जहाजं पाच झाली, की हाच हिशेब मालकावर उलटतो. खलाशांचा पगार, विमा, कर्जाचा हप्ता, जहाज उभं असलं तरी चालूच. रोजच्या भाड्याच्या करारात इंधन भाडेकरूच्या अंगावर असतं, म्हणून मालक विचार करतो, काहीच नाही त्यापेक्षा थोडं तरी मिळू दे. 2,300 डॉलरमध्ये खलाशी आणि विम्याचा रोजचा खर्चही निघत नव्हता.

2008 च्या शरद ऋतूत नेमकं हेच झालं. चीनच्या बंदरांत खनिजाचे ढीग साचलेले होते. ब्राझीलच्या वाले कंपनीने दरवाढ मागितली, तेव्हा कारखान्यांनी खरेदी आखडती घेतली. त्यात 15 सप्टेंबरला अमेरिकेतली लेमन ब्रदर्स ही बँक बुडाली आणि बँका एकमेकींची पतपत्रं, म्हणजे मालाचे पैसे मिळतील याची हमी, स्वीकारायला कचरू लागल्या. पतपत्र नाही म्हणजे माल जहाजात चढत नाही. रांगा विरल्या, आणि रांगेत अडकलेली जहाजंही एकदम बाजारात मोकळी झाली. पडझडीचं सगळं खापर लेमनवर फोडलं जातं, ते मला पुरतं पटत नाही. रांगा सुटल्या की भाडं तसंही उतरलंच असतं. बँकांमुळे ते कोसळलं.

खरा फटका पुढे बसला. तेजीत गोदींना दिलेल्या मागण्या रद्द करणं सोपं नव्हतं. आगाऊ रकमा अडकलेल्या, पोलाद कापलेलं. ती जहाजं 2010 पासून एकामागून एक पाण्यात उतरत राहिली. चीनची आयात वाढतच होती, पण जहाजं त्याहून वेगाने वाढली. मालकांनी इंधन वाचवायला वेग उतरवला, जुनी जहाजं अलंगसारख्या ठिकाणी मोडीत धाडली. तरी 10 फेब्रुवारी 2016 ला सुट्या मालाच्या जहाजभाड्यांचा बाल्टिक ड्राय निर्देशांक 290 वर आला. मे 2008 मध्ये तो 11,793 होता.