सर्किट शांत झाल्यावर कोणाकडे किती ऊर्जा उरते?

[पडद्यावर सर्किटचं चित्र, एकेक भाग उजळत जातो]

हे सर्किट नीट बघून घ्या, कारण पुढे सगळं यावरच चालणार आहे. डावीकडे २४ व्होल्टचा डीसी सप्लाय. त्याच्या प्लसपासून २ ओहमचा आर-वन, तिथून पुढे एक जोड येतो, त्याला आपण ए नोड म्हणू. ए नोडपासून खाली ग्राउंडला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, सी-वन. ए पासूनच पुढे ५० मिलिहेन्रीची कॉइल एल-वन, तिच्यापुढे ४ ओहमचा आर-टू, मग दुसरा जोड डी, आणि डी पासून ग्राउंडपर्यंत ६ ओहमचा आर-थ्री. आता डी नोडलाच अजून एक फांदी लटकवलीये, १०० ओहमचा आर-फोर, त्याच्या मागे २०० मिलिहेन्रीची एल-टू, आणि शेवटी ४७० मायक्रोफॅरडचा सी-टू, तोही ग्राउंडला.

म्हणजे दोन कपॅसिटर, दोन इंडक्टर. प्रश्न एकच. स्विच ऑन करून पुरेसा वेळ गेला, सगळं स्थिर झालं, आता या चौघांकडे प्रत्येकी किती ऊर्जा साठलेली असेल?

फॉर्म्युले शाळेपासून माहीत असतात. कपॅसिटरसाठी E = ½CV², इंडक्टरसाठी E = ½LI². त्यामुळे बरेच जण काय करतात, की सप्लाय २४ व्होल्टचा आहे ना, मग V च्या जागी २४ टाका, झालं. सी-वनसाठी असं केलं तर उत्तर येतं ०.२८८ ज्यूल, आणि ते खऱ्या उत्तरापेक्षा ४४ टक्के जास्त आहे. फॉर्म्युल्यातला V हा सप्लायचा नसतो हो, तो त्या कपॅसिटरच्या स्वतःच्या दोन पायांमधला असतो. I चंही तसंच, त्या कॉइलमधून जाणारा करंट, सप्लायमधून निघणारा नाही. आणि वर्ग होत असल्यामुळे व्होल्टेजमधली छोटी चूक ऊर्जेत चांगलीच फुगते.

[स्विच ऑन, ग्राफवर व्होल्टेज आणि करंट वर चढतात, मग सपाट होतात]

स्थिर झालं म्हणजे नेमकं काय? कुठलंच व्होल्टेज आणि कुठलाच करंट आता बदलत नाही. कपॅसिटरमधून करंट जायचा तर त्याचं व्होल्टेज बदलत असावं लागतं, ते बदलत नाही म्हणजे करंट शून्य, म्हणजे कपॅसिटरच्या जागी वायर तुटलेली आहे असं समजायचं. इंडक्टरवर व्होल्टेज यायचं तर त्याचा करंट बदलत असावा लागतो, तो बदलत नाही म्हणजे व्होल्टेज शून्य, म्हणजे कॉइलच्या जागी सरळ वायर.

[चित्रात कपॅसिटर पुसले जातात, कॉइलच्या जागी रेघ येते]

आता बघा काय उरलं. २४ व्होल्ट आणि एका रांगेत तीन रेझिस्टर, २, ४ आणि ६. एकूण १२ ओहम, करंट २ अँपिअर. आर-वनवर ४ व्होल्ट पडले, म्हणून ए नोड २० व्होल्टवर. आर-टूवर ८ पडले, डी नोड १२ व्होल्टवर. आता कपॅसिटर आणि कॉइल परत आपापल्या जागी ठेवू आणि प्रत्येकाकडे जाऊ.

सी-वनच्या पायांमध्ये २० व्होल्ट. ऊर्जा ०.२ ज्यूल.

एल-वनमधून २ अँपिअर. ऊर्जा ०.१ ज्यूल. इथे मल्टीमीटर लावला तर कॉइलवर जवळपास शून्य व्होल्ट दिसतात आणि बघणाऱ्याला वाटतं इथे तर काहीच नाहीये, पण कॉइलची ऊर्जा तिच्या चुंबकीय क्षेत्रात असते आणि ती करंटवरून मोजायची असते. करंट मोजायला सर्किट तोडायचीही गरज नाही, आर-वनवरचे ४ व्होल्ट मोजा, २ ओहमने भागा, २ अँपिअर हातात.

आता ती लटकवलेली फांदी, आणि माझ्या मते या सर्किटची खरी मजा तिथेच आहे. तिच्या शेवटी कपॅसिटर बसलाय, त्यातून करंट शून्य, आणि फांदी एकाच रांगेत असल्यामुळे आर-फोर आणि एल-टूमधूनही करंट शून्य. आर-फोर १०० ओहमचा आहे, सर्किटमधला सगळ्यात मोठा, तरी त्याच्यावर एकही व्होल्ट पडत नाही, डी नोडचे १२ च्या १२ व्होल्ट सी-टूवर येतात. ऊर्जा ०.०३३८ ज्यूल. आणि एल-टू? ती एल-वनच्या चौपट मोठी आहे, पण तिच्यातली ऊर्जा शून्य. अगदी शून्य. तिच्या जागी दहापट मोठी कॉइल ठेवा, तरी शून्यच. याच्या उलटंही करता येतं, एल-वनच्या दोन टोकांवर कितीही मोठा कपॅसिटर जोडा, स्थिर झाल्यावर त्याला शून्य व्होल्ट मिळतात आणि तो रिकामाच उरतो.

मग आर-फोर काहीच करत नाही का? करतो, पण फक्त वाटेत. सी-टू किती वेळात भरेल हे मुख्यतः तोच ठरवतो, इथे टाइम कॉन्स्टंट साधारण ५० मिलिसेकंद येतो, म्हणजे पाव सेकंदात काम झालं असं धरतात. पाच टाइम कॉन्स्टंटनंतर व्होल्टेज ९९.३ टक्के झालेलं असतं, पण ऊर्जा वर्गात जाते म्हणून ती ९८.७ टक्क्यांवरच असते, तेवढा फरक बहुतेक वेळा चालतो.

[खरी कॉइल, जवळून, तांब्याचे वेढे]

आत्तापर्यंत कॉइल म्हणजे शून्य ओहमची वायर असं धरलं, पण खऱ्या कॉइलमध्ये मीटरभर नाही, बऱ्याच मीटर तांब्याची तार असते आणि तिला रेझिस्टन्स असतोच. एल-वनची तार १ ओहमची निघाली असं समजू. आता एकूण १३ ओहम, करंट १.८५ अँपिअर, आणि एल-वनची ऊर्जा ०.१ वरून ०.०८५ ज्यूलवर आली, सरळ १५ टक्के गेली. सी-टूचं व्होल्टेज १२ वरून ११.१ वर आलं, त्याची ऊर्जाही १५ टक्क्यांनी घटली. पण सी-वनची मात्र वाढली, ०.२०६ झाली, कारण करंट कमी झाल्यावर आर-वनवर कमी व्होल्ट पडतात आणि ए नोड २०.३ व्होल्टवर चढतो. म्हणजे रेझिस्टन्स एकाच कॉइलमध्ये आला आणि तिघांचे हिशोब हलले. हे ओळखायचं कसं, तर कॉइलवरचं व्होल्टेज मोजा, शून्याऐवजी १.८५ दिसलं तर ते तारेचंच आहे.

अजून एक गोष्ट इथे उघडी पडते. सी-वनने ऊर्जा धरून ठेवलीये त्यासाठी त्याला पुढे काही द्यावं लागत नाही, किरकोळ गळती सोडली तर. एल-वनला मात्र करंट चालू ठेवावाच लागतो, आणि तेवढ्या ०.०८५ ज्यूलसाठी तिच्या तारेत दर सेकंदाला ३.४ ज्यूल उष्णता होऊन जातायत, सतत. आणि एल-वनचा एक पाय चालू सर्किटमध्ये मध्येच सोडवला तर जवळपास २ अँपिअरला जायला वाटच राहत नाही, व्होल्टेज झटकन चढतं आणि सुटलेल्या टोकाशी ठिणगी पडते. सी-वनचा पाय सोडवला तर काहीच होत नाही, तो २० व्होल्ट घेऊन तसाच बसून राहतो, आणि म्हणूनच हात लावायच्या आधी त्याला रेझिस्टरमधून डिस्चार्ज करायचं असतं.

[सी-वन निघतो, त्या जागी एकावर एक दोन कपॅसिटर]

आता सी-वन काढू आणि त्या जागी दोन कपॅसिटर सीरीजमध्ये लावू, वरचा १०० मायक्रोफॅरड, खालचा ४००. कॉइल परत आदर्श धरू, म्हणजे ए नोड २० व्होल्टवर. नेहमीची युक्ती लावली, दोघांच्या जागी तुटलेली वायर धरली, आणि अडकलो. दोघांच्या मधल्या जोडाला दोन्ही बाजूंनी तुटलेली वायर आहे, मग त्याचं व्होल्टेज ठरवणार कोण? रेझिस्टरच्या हिशोबातून हे उत्तर निघतच नाही.

ते सुरुवातीवरून निघतं. दोघंही रिकामे असताना स्विच ऑन केला असेल तर दोघांवर चार्ज सारखाच जमतो, म्हणून लहान कपॅसिटर जास्त व्होल्ट घेतो. वरच्यावर १६, खालच्यावर ४. ऊर्जा वरच्यात १२.८ मिलिज्यूल, खालच्यात ३.२. लहान्याकडे मोठ्याच्या चौपट!

आता प्रत्येकाला समांतर १००-१०० किलोओहमचे रेझिस्टर लावू, सीरीजमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरना असे बॅलन्सिंग रेझिस्टर लावतातच. रेझिस्टर सारखे आहेत, त्यामुळे मधला जोड सरकत सरकत १० व्होल्टवर येतो. आता वरच्यात ५ मिलिज्यूल आणि खालच्यात २०. उलटं झालं सगळं. आणि हे सरकणं इतकं हळू असतं की फसायला होतं, टाइम कॉन्स्टंट २५ सेकंदांचा आहे, म्हणजे पूर्ण व्हायला दोन मिनिटं लागतात. ए नोड केव्हाच स्थिर झालेला असतो, तेव्हाच रीडिंग घेतलं तर १६ आणि ४ च दिसणार.

बॅलन्सिंग रेझिस्टर नसतील तर शेवटचं वाटप कपॅसिटरच्या स्वतःच्या गळतीवर जातं, आणि ती डेटाशीटमध्ये फक्त कमाल मर्यादा म्हणून दिलेली असते, एकाच खोक्यातल्या दोन नगांची सारखी निघेल याचा भरवसा नाही. बरं, मोजायला जावं तर मीटर स्वतःच मध्ये येतो. साध्या डिजिटल मल्टीमीटरचा इनपुट रेझिस्टन्स बहुधा १० मेगाओहम असतो. गळती अजिबात नाही असं धरून तो वरच्या कपॅसिटरवर लावून ठेवला, तर मधला जोड हळूहळू वर चढत जातो, टाइम कॉन्स्टंट ५००० सेकंद, म्हणजे सव्वा तासाच्या वर, आणि पुरेसे तास थांबलात तर मीटरवर शून्य दिसतं, वरचा कपॅसिटर पूर्ण रिकामा आणि खालच्यात ८० मिलिज्यूल.