आरशातली मी आणि फोटोतली मी

(नागपुरात विज्ञानप्रेमींच्या एका सभेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सेल्फी काढताना स्क्रीनवर चेहरा ठीक दिसतो. बटण दाबलं, फोटो उघडला की नाक वाकडं, हसू तिरपं, एक डोळा बारीक! मुली विचारतात, "सर, खरी मी कोणती?" मुलं विचारत नाहीत, गुपचूप डिलीट करतात.

समोरचा कॅमेरा उघडल्यावर स्क्रीनवर दिसतो तो आरसा. फोन मुद्दाम तसं दाखवतो, नाहीतर केस सारखे करायला हात भलतीकडेच जाईल. सेव्ह करताना मात्र बरेच फोन चित्र उलटवून जग पाहतं तसं करतात. काही फोन आरशासारखंच ठेवतात. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये तर त्यासाठी 'मिरर फ्रंट कॅमेरा' असा पर्याय आहे. तुमच्या हातातला फोटो कोणता, हे शर्टाच्या खिशावरून कळतं. खिसा बहुधा डाव्या छातीवर असतो. खऱ्या फोटोत तो पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला दिसला पाहिजे. साडीचा डाव्या खांद्यावरचा पदर, डाव्या नाकपुडीतली नथ, यांचंही तसंच. मागे गाडी उभी असेल तर प्रश्नच मिटला, एमएच 31 सरळ वाचता आलं की फोटो खरा.

आता मुख्य गोष्ट. कोणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. समजा एका मुलीच्या नाकाचं टोक तिच्या उजवीकडे 2 मिलिमीटर झुकलेलं आहे. आरशात ते रोज तिला उजव्या हाताकडेच झुकलेलं दिसतं, आणि तिच्या मनात नाकाची जागा तीच ठरून गेलेली असते. खऱ्या फोटोत तेच टोक डाव्या हाताकडे 2 मिलिमीटर जातं. मन चेहऱ्याच्या मध्यरेषेपासून मोजत नाही, सवयीच्या जागेपासून मोजतं. म्हणून तिला फरक जाणवतो 4 मिलिमीटरचा. भांग, भुवई, जबड्याची कड, सगळीकडे हाच दुप्पट हिशेब, आणि तोही एकाच वेळी. मैत्रिणीला यातलं काहीच खटकत नाही. तिने पहिल्यापासून हाच चेहरा पाहिलाय.

याचा प्रयोगही झाला आहे. 1977 मध्ये अमेरिकेतल्या मिता, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी तरुणींना त्यांच्याच फोटोच्या दोन प्रती दाखवल्या, एक खरी आणि एक उलटवलेली. स्वतः तरुणींचा कल उलट्या प्रतीकडे होता, तर त्यांच्या जवळच्या माणसांचा खऱ्या प्रतीकडे. जे वारंवार दिसतं ते आवडू लागतं, हे मानसशास्त्रज्ञ झायन्स यांनी 1968 मध्येच मांडलं होतं.

आणखी एक गंमत आहे. चेहरा पाहताना बहुतेकांचं लक्ष आपल्या डाव्या हाताकडच्या भागावर जरा जास्त असतं. आरशात त्या जागी तुमचा डावा गाल असतो, समोरच्या माणसाला मात्र तिथे तुमचा उजवा दिसतो. म्हणजे तुम्ही स्वतःला पारखता ते एका अर्ध्यावरून, आणि लोक दुसऱ्याच अर्ध्यावरून.

उलटण्याचा हा दोष आणि जवळून काढल्याचा दोष यांची गल्लत मात्र करू नका. 30 सेंटीमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाक साधारण दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद भासतं. तो फोटो कितीही वेळा उलटवा, नाक काही लहान होणार नाही. त्याला उपाय एकच: मित्राला फोन द्या आणि चार पावलं मागे जायला सांगा.

खऱ्या चेहऱ्याची ओळख करून घ्यायची असेल तर बर्डीच्या बाजारातून चौकट नसलेले दोन सारखे आरसे आणा. उघड्या पुस्तकासारखे काटकोनात उभे करा आणि सांध्यासमोर नाक धरा. कोन चुकला तर चेहरा मधोमध दाबला जातो किंवा ताणला जातो, तेव्हा एक आरसा हळूहळू सरकवत राहा. आता उजवा डोळा मिटा. साध्या आरशात उजव्या हाताकडचा डोळा मिटतो, इथे डाव्या हाताकडचा मिटलेला दिसला तर कोन बरोबर जमला. यात भांग पाडून बघाच, कंगवा पहिल्यांदा हमखास उलटीकडे जातो!

रोज दात घासताना थोडा वेळ या आरशात पाहिलं तरी पुरे. आधी वाकडेपणाच डोळ्यात भरतो. त्यावर भुवई कोरायला जाऊ नका. सवय नसलेल्या चेहऱ्याकडे पाहून केलेली दुरुस्ती दुसऱ्या बाजूला जास्तीची होते. लग्नाचा मेकअप असेल तर रंग नेहमीच्या आरशातच लावा आणि टिकली मधोमध आहे का, एवढंच या जोडआरशात तपासा. आरशाला सरावलेली नजर जी टिकली सरळ समजते, ती इथे डावीकडे किंवा उजवीकडे सरकलेली लगेच दिसते.