शात्स, माउस आणि जपून ठेवलेलं वाक्य

(जर्मन शिकणारे विद्यार्थी आणि नोकरीसाठी जर्मनीला निघालेले तरुण यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप.)

गुस्ताफ हाइनेमान १९६९ साली पश्चिम जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्या सुमारास त्यांना कुणीतरी विचारलं, तुमचं या राज्यावर प्रेम आहे का? त्यांचं उत्तर जर्मनीत आजही अनेकांना पाठ आहे. ते म्हणाले, छे, राज्यांवर मी प्रेम करत नाही, मी माझ्या बायकोवर प्रेम करतो, संपलं. नाझी राजवट डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचं हे उत्तर आहे, त्यामुळे देशभक्तीच्या चर्चेत ते नेहमी येतं. मला मात्र त्यातल्या क्रियापदाविषयी बोलायचंय. 'लीबन', म्हणजे प्रेम करणं, हे क्रियापद हाइनेमान यांनी एका माणसासाठी राखून ठेवलं आणि ऐकणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

वीस वर्षांनी याच्या अगदी उलट घडलं. बर्लिनची भिंत ९ नोव्हेंबर १९८९ ला उघडली. १३ नोव्हेंबरला पूर्व जर्मनीच्या संसदेत एरिश मीलके बोलायला उभे राहिले. हे गृहस्थ १९५७ पासून गुप्त पोलिसांचे, म्हणजे श्टाझीचे मंत्री होते. आम्हाला कॉम्रेड म्हणू नका, असं एका सदस्याने त्यांना टोकलं. गोंधळलेले मीलके म्हणाले, 'इश लीबं दोख आलं, आलं मेन्शन', माझं तर सगळ्यांवर, सगळ्या माणसांवर प्रेम आहे. सभागृहात हशा पिकला. ज्याने लाखो लोकांवर पाळत ठेवली त्याने हे म्हणावं, हे हसण्याचं मोठं कारण. पण 'सगळ्यांवर' या शब्दाशी हे क्रियापद जोडलं की जर्मन कानाला ते तसंही पोकळ वाटतं. 'लीबन'ला समोर एक ठरावीक माणूस लागतो.

असं का, याची बरीच उत्तरं सांगितली जातात. जर्मन माणूस थंड असतो, भावना दाखवत नाही वगैरे. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते पुढे येईलच. माझ्या मते खरं कारण भाषेच्या इतिहासात आहे. दक्षिणेकडच्या बोलींमध्ये, म्हणजे बव्हेरियात, श्वाबियात आणि सीमेपलीकडे स्वित्झर्लंडमध्ये, 'लीबन' हे क्रियापद रोजच्या बोलण्यात रुजलेलंच नाही. म्युनिकजवळच्या खेड्यातला माणूस प्रेम व्यक्त करताना 'इ मोग दि' म्हणतो. प्रमाण जर्मनमध्ये त्याच शब्दांचा अर्थ 'तू मला आवडतेस' इतकाच होईल, पण बव्हेरियन घरात तेच पूर्ण प्रेम असतं. स्विस माणूस 'इख हा दि गॅर्न' म्हणतो, आणि त्यापुढे त्याला दुसरं काही म्हणायची सहसा गरज पडत नाही.

मग 'लीबन' आलं कुठून? ते पुस्तकातून आणि चर्चमधून जास्त आलं. ल्यूथरच्या बायबलमध्ये 'शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम कर' या आज्ञेत ते आहे. कॅथलिक विवाहात वर-वधू एकमेकांना वचन देतात, मी आयुष्यभर तुझ्यावर प्रेम करीन, तुझा आदर करीन, तुझा मान राखीन. तिथेही हेच क्रियापद आहे. चर्चला कधी न जाणाऱ्या जर्मन माणसानेही ते वाक्य लग्नांमध्ये ऐकलेलं असतं. त्यामुळे 'इश लीबं दिश' म्हणताना नुसती भावना सांगितल्यासारखं वाटत नाही, शब्द दिल्यासारखं वाटतं. मराठी माणसाला हे समजायला कठीण जाऊ नये. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य आपल्याकडे तरी कोण स्वयंपाकघरात उभं राहून म्हणतं?

ही रेषा गेल्या पन्नासेक वर्षांत थोडी पुसट झाली आहे, हेही सांगायला हवं. जर्मनीत परदेशी चित्रपट आणि मालिका बहुतेक जर्मन आवाजात डब होतात. अमेरिकन पात्र फोन ठेवताना सहज 'आय लव्ह यू' म्हणतं, आणि डबिंग करणाऱ्याला ओठांच्या हालचालीत बसणारं काहीतरी द्यावंच लागतं. एका फास्ट फूड साखळीची 'इश लीबं एस' ही घोषणा २००३ मध्ये म्युनिकमधूनच जगभर निघाली. आज तरुण मुलं 'इश लीबं पिझ्झा' बिनदिक्कत म्हणतात. वस्तूंच्या बाबतीत क्रियापद स्वस्त झालं, ते खरं. समोर 'दिश' आलं, म्हणजे 'तुला', 'तुझ्यावर' आलं, की मात्र त्याचं वजन अजून परत येतं.

हे वाक्य राखीव असेल तर रोजचं प्रेम कशाने चालतं? त्यासाठी एक मधली पायरी आहे: 'इश हाब दिश लीप'. आई मुलाला हे म्हणते, बहीण भावाला, मैत्रीण मैत्रिणीला, आणि नव्याने एकत्र आलेलं जोडपंही एकमेकांना. यात माया आहे, वचन नाही. एसएमएसच्या काळात एका मेसेजमध्ये १६० अक्षरंच मावत, तेव्हा शाळकरी मुलांनी त्याचं HDL केलं, आणि 'अगदी खूप' घालून HDGDL. इथे एक बारकावा लक्षात घ्या. 'हाब दिश लीप'मध्ये 'खूप', 'अगदी', 'भयंकर' असं हवं तेवढं घालता येतं आणि वाक्य गोड होत जातं. 'इश लीबं दिश'मध्ये 'खूप' घातलं की ते पुष्कळांना उलट सौम्य वाटतं. वचनाला 'खूप' कशाला लागेल?

आणि या पायरीच्याही खाली, दिवसभर वापरायची, लाडाची नावं आहेत. जर्मन थंड असतात हे मला का पटत नाही, ते इथे दिसतं.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं नाव 'शात्स', म्हणजे खजिना. मध्ययुगीन जर्मनमध्ये हा शब्द नाणं, पैसा, मालमत्ता यांच्यासाठी होता, आणि मध्ययुगाच्या अखेरीपर्यंत तो प्रिय माणसासाठीही वापरात आला होता. आपल्या 'सोन्या'सारखाच त्याचा प्रवास आहे, फक्त आपण सोन्या लेकराला जास्त म्हणतो आणि ते शात्स जोडीदाराला जास्त म्हणतात. श्टुटगार्टच्या सुपरमार्केटमध्ये कुणी 'शात्स' अशी हाक मारली तर चार नवरे मान वळवतील. कचरा खाली नेलास का, दूध आणशील का, गाडीची किल्ली कुठे आहे, या सगळ्या वाक्यांच्या पुढे शात्स लागतं. भांडतानाही लागतं, तेव्हा फक्त सूर बदलतो.

दुसरं नाव 'माउस', उंदीर. आपल्याला याचं नवल वाटतं, कारण आपला उंदीर धान्य खातो आणि कपडे कुरतडतो. जर्मन माउसमध्ये ऐकू येतो तो लहानपणा, मऊपणा, ओंजळीत मावणं. म्हणून ते नाव मुलींना, प्रेयसीला आणि लहान लेकीला जास्त मिळतं. पुरुषाला म्हणायचं तर पुष्कळ जणी त्याला अस्वल जोडून 'माउझेबेअर' करतात. आणि कुणी मेसेजमध्ये Mausi लिहिलं तर आपल्या डोळ्यांना ती मावशी दिसते. उच्चार 'माउझी' आहे, अर्थ उंदरी.

या नावांना शेपट्या लागतात, आणि त्यावरून माणूस कुठला ते कळतं. प्रमाण जर्मनमध्ये 'शेत्सशन' आणि 'मॉइसशन'. ऑस्ट्रियात 'शात्सर्ल', 'माउझर्ल'. श्वाबियात 'शेत्सले', 'मॉइसले'. २०२४ मध्ये महाराष्ट्राने ज्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, ते याच 'ले'चं राज्य. तुमच्यातले जे तिकडे रुग्णालयात कामाला जातील त्यांना वॉर्डातल्या आजीबाई 'मॉइसले' म्हणण्याची बरीच शक्यता आहे. तिथे रागावू नका, ते 'बाळ' आहे.

तेच नाव तुमच्या वरिष्ठाने वापरलं तर मात्र ते बाळ नाही. कामाच्या ठिकाणी तरुण स्त्रीला 'शेत्सशन' किंवा 'मॉइसशन' म्हणणं म्हणजे तिला लहान करणं, आणि जर्मन सहकारी ते अपमान म्हणूनच ऐकतात. ते खपवून घेऊ नका. 'ग्राउअं माउस', करडा उंदीर, हेही कौतुक नाही. कुणाच्या नजरेत न भरणाऱ्या बाईला ते म्हणतात. आणि अनेकवचनी 'मॉइझं' म्हणजे बोलीभाषेत पैसे.

व्याकरणाची एक खोच आपल्या मुलांना हमखास अडवते. शात्स पुल्लिंगी आहे. बायकोला लिहितानाही 'माइन शात्स'च लिहायचं, 'माइनं शात्स' नाही. माउस स्त्रीलिंगी, म्हणून 'माइनं माउस'. पण शेपटी लागली की दोन्ही नपुंसकलिंगी होतात, मग 'माइन मॉइसशन'. शुभेच्छापत्रावर एवढं एक अक्षर चुकलं की लिहिणारा परदेशी आहे हे पहिल्या ओळीत कळतं. उच्चारातही तसंच: Mäuschen हा शब्द लिहिताना मध्ये s, c, h एकत्र दिसतात, म्हणून पुष्कळ जण 'मॉइशन' वाचतात. तिथे 'मॉइस' वेगळं आणि 'शन' वेगळं आहे.

आता हे सगळं एकत्र कसं चालतं, ते एका कल्पित जोडप्याच्या मेसेजमध्ये पाहू. सात-आठ महिन्यांची ओळख आहे. दुपारी तो लिहितो, माउस, मी सातला येतो. ती लिहिते, ठीक आहे शात्स, ब्रेड आण. झोपताना तो लिहितो, 'हाब दिश लीप'. ती लिहिते, 'इश दिश आउख', मीही तुला. हे 'दिश' महत्त्वाचं आहे. नुसतं 'इश आउख' लिहिलं तर ते 'मीसुद्धा' इतकंच होतं, आणि मीसुद्धा कुणाला, ते अधांतरी राहतं. असे आठवडे जातात. सगळं गोड आहे आणि कुणी काही ठरवलेलं नाही.

मग एका रात्री तो लिहितो, 'इश लीबं दिश'. आदल्या दिवशीपेक्षा वाक्य थोडंसंच वेगळं आहे आणि तो मेसेज लिहायला त्याने कदाचित आठवडा घेतला असेल. ती उत्तर देते, 'इश हाब दिश आउख लीप'.

मराठीत याचं भाषांतर करायला बसलात तर दोन्ही ओळींना 'माझंही तुझ्यावर प्रेम आहे' याच्या आसपास काहीतरी येईल, आणि वाचणाऱ्याला वाटेल जमलं. जर्मन वाचणाऱ्याला कळतं की तिने त्याला हळुवारपणे, दुखवायचं नाही अशा बेताने, एक पायरी खाली आणलं आहे. तो आता पुन्हा काही लिहील की नाही, हे त्यालाच ठरवायचंय.